मळ अंगावर की खुंटीवर?

बहुतेक मराठी बाथरूममध्ये नळाच्या वर, नाहीतर दाराच्या मागे, एक हूक असतो आणि त्या हुकाला अंग घासायचा एक गोळा लटकलेला असतो. घेताना तो गुलाबी होता की जांभळा, यावर घरात दोन मतं असतात. आता त्याला जो रंग आलाय त्याला मराठीत नाव नाही. त्याची दोरी ताणून लांब झालेली, एका बाजूची जाळी सुटून खाली लोंबणारी, आणि दाबला तर कालच्या अंघोळीचं पाणी अजून त्यातून निघतं. मी ज्या ज्या घरी हा गोळा पाहिला, तिथे एकाच खात्रीने सांगितलं गेलं: "अहो, त्याला काय होणारे? तो तर रोज साबणाने धुतला जातो!"

आम्हा त्वचेचं बघणाऱ्या माणसांचं निम्मं दुकान या एका वाक्यावर चालतं.

आधी त्या गोळ्याची रचना समजून घेऊ, कारण सगळी भानगड तिथेच आहे. बाथ पफ म्हणजे प्लास्टिकच्या जाळीची एक लांबच लांब नळी. ती घडी घालून घालून मधोमध दोरीने करकचून बांधतात, आणि बाहेरची टोकं फुलवली की झेंडूचं फूल तयार. जुना झालेला पफ टाकण्याआधी एकदा ती मधली दोरी कात्रीने कापून बघा. बाहेरच्या पाकळ्या ठीकठाक दिसतील. दोरीखाली जिथे जाळीचे थरावर थर आवळलेले असतात, तिथे मात्र राखाडी, बुळबुळीत असा एक लेप बसलेला असेल. फेस करताना तुमची बोटं तिथवर कधी जात नाहीत, धुताना पाणी जोरात तिथवर पोचत नाही आणि वाळवताना हवाही जात नाही. त्या बुळबुळीत थराला बायोफिल्म म्हणतात. जंतू एका जागी चिकटून बसले की स्वतःभोवती असा चिकट पदार्थ सोडतात आणि त्याच्या आत कॉलनी थाटतात. मोरीच्या जाळीला, बादलीच्या बुडाला जो गिळगिळीत थर धरतो, त्याच जातीचा हा प्रकार. मोरीला आपण ब्रशने खसाखसा घासतो. इथे मात्र त्या थरानेच आपण स्वतःला घासतो.

साबणाने तो का जात नाही? कारण अंगाचा साबण जंतू मारतो अशी आपली उगीच समजूत आहे. साबणाचं खरं काम सोडवायचं. तेल, घाम, मळ आणि जंतू त्वचेवरून सुटे करून तो पाण्याबरोबर वाहून जाऊ देतो. आता हे सुटे झालेले सगळे गृहस्थ वाहून जाताना वाटेत कोण भेटतं? गोळा. अंगावरच्या मेलेल्या पेशी, तेलाचा अंश, साबणाचा चोथा हे सगळं त्या जाळीत अडकतं. खायला मेलेल्या पेशी, प्यायला पाणी, राहायला थरांची आडोशाची जागा, आणि वर बाथरूमची गरम दमट हवा. जंतूंना याहून जास्त काय द्यायचं राहिलं? लाइटबिल तेवढं आपल्या नावावर.

यात नैसर्गिक म्हणजे चांगलं असं मानणाऱ्यांनाही दिलासा नाही. खरा लूफा म्हणजे आपलं घोसाळं. दोडक्याचं सख्खं भावंड, भज्यांना उत्तम. ते वेलीवरच जून होऊन वाळलं की आत जी तंतूंची जाळी उरते, तोच लूफा. गावाकडे पाठ घासायला ती पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. शहरात तीच सेलोफेनमध्ये गुंडाळून, राफियाची गाठ मारून आली की तिची किंमत भाजीच्या कितीतरी पट होते. ही जाळी प्लास्टिकपेक्षा जास्त पाणी पिते आणि तिच्या तंतूंमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे ती वाळायलाही जास्त वेळ घेते. 1993 साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवतज्ज्ञांनी एका रुग्णाच्या अंगावर उठलेल्या पुळ्यांचा माग काढला, तो थेट तिच्या लूफापर्यंत गेला. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी खोलात जाऊन दाखवलं, की कोरड्या लूफावर थोडेसे निरुपद्रवी जंतू असतात. तो भिजला आणि त्यात त्वचेच्या पेशी पडल्या की मात्र तिथल्या वस्तीची जात बदलते आणि ओल्यात रमणाऱ्या त्रासदायक जंतूंचा भरणा होतो.

त्या ओल्या वस्तीतला दादा म्हणजे स्यूडोमोनास एरुजिनोसा. नळ, सिंक, पाण्याच्या टाक्या, ओल्या फरशा अशा ठिकाणी तो सर्रास असतो. धडधाकट, अखंड कातडीला तो फारसं काही करत नाही. मात्र केसांच्या मुळांची तोंडं घासून उघडी केली आणि त्यात त्याला चोळून बसवला, तर मग तो उतरतो.

हे कसं घडतं ते एका दिवाळीच्या हिशेबाने बघू. समजा एक काका आहेत. अभ्यंगस्नान म्हणजे तेल, उटणं आणि कडक पाणी, हे त्यांचं व्रत. नरकचतुर्दशीला पहाटे त्यांनी अंगाला तेल चोळलं, त्यावर उटणं लावलं, आणि वर्षभर हुकाला लोंबणाऱ्या लूफाने ते घासून काढलं. उटण्यात पीठ असतं, वाळलेल्या वनस्पतींची पूड असते, त्यात तेल मिसळलेलं. म्हणजे लूफाच्या आत रीतसर फराळ भरला गेला. मग पाहुणे आले, एकामागून एक सगळे न्हाले, बाथरूमचं दार बंद, खिडकी थंडी येते म्हणून बंद. लूफा दुसऱ्या दिवशीही ओलाच. पाडव्याला काकांनी तोच पुन्हा घेतला आणि सण म्हणून दुप्पट जोर लावला. भाऊबीजेला सकाळी पाठ, दंड आणि कंबरेभोवती लालसर, खाजणाऱ्या पुळ्या. काही पुळ्यांच्या टोकाला पिवळसर पू, आणि नीट पाहिलं तर प्रत्येक पुळीच्या मधोमध एक केस.

काकू म्हणाल्या, चकल्यांचं तेल बाधलं. काका म्हणाले, घामोळं. या दोन्हींपेक्षा वेगळं ओळखायच्या खुणा साध्या आहेत. एक, वेळ. या जातीच्या पुळ्या संपर्कानंतर साधारण आठ तासांपासून पाच दिवसांच्या आत उठतात. दोन, जागा. जिथे लूफा फिरला तिथेच त्या असतात. चेहरा कोरा, कारण चेहऱ्याला काकांनी नुसतं पाणी लावलं होतं. चकलीने झालं असतं तर चकलीला पाठ आणि चेहरा यातला फरक कळला नसता. तीन, केसाच्या मुळाशी पुळी. घामोळं केसाला धरून उठत नाही, ते घामाच्या नळीत अडकतं आणि बारीक बारीक दाणे एकगठ्ठा येतात. लूफा बंद केला, कोमट पाण्याने हळुवार अंघोळ केली, घासणं पूर्ण थांबवलं, की धडधाकट माणसाच्या अशा पुळ्या बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपसूक बसतात. ताप आला, पुळ्या वाढत गेल्या, दुखायला लागल्या, किंवा माणसाला मधुमेह आहे, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, तर मात्र वाट न बघता डॉक्टर गाठायचा. आणि घरात पडलेली, शेजाऱ्याने सुचवलेली 'खाजेची ट्यूब' लावायची नाही. तिच्यात बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड असतं. त्याने खाज दोन दिवस दबते आणि संसर्गाला मोकळं रान मिळतं.

बिचाऱ्या काकांनी मात्र वेगळंच केलं असतं. अंगावर काहीतरी उठलंय म्हणजे अंघोळ नीट झाली नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी तोच लूफा पुन्हा उचलला असता. आणि इथून आपण त्या दुसऱ्या, माझ्या मते जास्त मोठ्या संकटाकडे येतो. ते संकट म्हणजे घासणं.

घासून अंघोळ करण्याबद्दल आपल्याकडे एक कडक शिस्तीची परंपरा आहे. घासल्यावर अंगावरून काळपट शेवया निघाल्या की त्या बघून जो आनंद होतो, तो बोनस मिळाल्यावरही होत नसेल. आई मुलाच्या मानेवरची शेवई त्याच्या डोळ्यापुढे धरून म्हणते, "बघ, बघ किती मळ!" खरं तर ती शेवई म्हणजे मुख्यतः त्या मुलाचीच कातडी असते. त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या चपट्या पेशींचा असतो. हातापायाच्या तळव्यांची जाड कातडी सोडली तर त्याची जाडी मिलीमीटरच्या एक-दोन शतांश भागाएवढी, म्हणजे वहीच्या कागदाहूनही बारीक. पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा. पाणी आत-बाहेर होऊ न देणारी, जंतूंना अडवणारी भिंत ती हीच. तिच्या पेशी आपोआप गळत असतात आणि सुमारे दोन ते चार आठवड्यांत नवी भिंत तयार होते. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजून फुगलेल्या या भिंतीवर खरखरीत वस्तू फिरवली, की वरच्या विटा आणि थोडा साबण यांचं मळून मळून जे तयार होतं, ती शेवई. ती कितीही घासली तरी निघतच राहते, कारण खाली माणूस शिल्लक असतो.

गिलावा गेल्याची खूण अशी: अंघोळीनंतर त्वचा ताणल्यासारखी वाटते, हात फिरवला की किरकिर होते, आणि साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुरचुरतं. बरेच लोक याला 'कसं स्वच्छ स्वच्छ वाटतंय' म्हणतात. चुरचुरणं हे स्वच्छतेचं लक्षण असेल तर मिरची चिरणारी माणसं सर्वांत स्वच्छ.

पण हे झालं तात्पुरतं. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला एक कायमचा हिशेब चुकवावा लागतो. जपानमध्ये 1980 च्या दशकात डॉक्टरांना रुग्णांच्या अंगावर विचित्र काळपट डाग दिसू लागले. ते नेमके हाडांवर असायचे: गळ्याखालच्या हाडावर, पाठीच्या कण्यावर, खांद्याच्या फऱ्यावर, बरगड्यांवर. त्या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी निघाली. ते लोक अंघोळीला नायलॉनचा खरखरीत टॉवेल वापरत होते आणि वर्षानुवर्षं जोर लावून घासत होते. जिथे कातडीखाली लगेच हाड असतं तिथे घर्षणाचा पूर्ण जोर बसतो, मांसाची गादी नसते. आपल्याकडे हेच डाग पाठीच्या वरच्या भागावर, दंडांवर आणि नडग्यांवर सर्रास दिसतात. नायलॉनची घासणी, प्लास्टिकचा ब्रश, चपटा दगड, काथ्या, आणि कुणी कुणी तर भांड्याची हिरवी घासणीही यात वापरतात. डाग जवळून पाहिला तर पुष्कळदा बारीक लाटांसारखी नक्षी दिसते, ओसरलेल्या पाण्याने वाळूवर उमटवावी तशी.

आता यातला विनोद बघा. सततच्या रगडण्याने त्या मेलेल्या थराखालच्या जिवंत पेशीही मरतात, त्यांतलं रंगद्रव्य आणि इतर अवशेष आणखी खालच्या थरात गळतात आणि तिथे साठतात. म्हणजे काळेपणा कातडीच्या खाली गेला. माणूस आरशात बघतो, पाठीवर काळं दिसतं. तो म्हणतो, मळ साठलाय. म्हणून अजून घासतो. अजून घासल्याने अजून गळतं. अजून काळं होतं. मग बायकोला बोलावतो, "तू घास, माझा हात पोचत नाही." आता दोन माणसांचा जोर. पुढच्या दिवाळीला घरात पाठ घासायचा लांब दांड्याचा ब्रश येतो.

दवाखान्यात हा संवाद इतका ठरलेला असतो की मी तो झोपेत म्हणू शकेन.

"डॉक्टर, हा मळ निघतच नाही."

"हा मळ नाही."

"मग जास्त घासू का?"

उपाय एकच आहे आणि तो लोकांना अजिबात आवडत नाही: घासणं बंद. पुढे डॉक्टर लावायला काही देतील, पण घासणी चालू असताना ते सगळं पाण्यात. आणि बंद केल्यावरही डाग उतरायला महिने लागतात, कधी वर्षं, आणि काही जणांचे पूर्ण जात नाहीत. याच रांगेत मानेचा काळेपणाही असतो. मान, काखा, जाड आणि मखमली वाटणारी काळपट कातडी. ती बरेचदा शरीरातलं इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. त्या मानेवर लूफा चालवण्यापेक्षा उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घ्या. लूफाला तो आकडा माहीत नसतो.

यावर सुशिक्षित माणूस लगेच म्हणतो, "बरं, मग खरखरीत नको, मऊ वापरतो." आणि तो दुकानात जाऊन कोन्जॅक स्पंज आणतो. हा पांढरा, कधी कोळसा घालून काळा केलेला अर्धगोल. कोरडा असताना इतका कडक की कुणावर फेकला तर जखम होईल, आणि पाण्यात चार-पाच मिनिटं भिजवला की फुगून ढोकळ्यासारखा लुसलुशीत. ढोकळा म्हटलं, पण नात्याने तो आपल्या सुरणाचा भाऊ आहे. कोन्जॅक नावाच्या कंदापासून तो करतात, आणि तो कंद सुरणाच्याच कुळातला. पावसाच्या सुरुवातीला ठाणे-पालघर-रायगडकडे काकडांबरोबर जी शेवळं शिजवतात, तीही याच घरातली. जपानात गुन्मा प्रांतात या कंदाची मोठी शेती आहे आणि तिथे लोक त्याचे जेलीसारखे तुकडे खातात. कंदातल्या ग्लुकोमॅनन नावाच्या तंतूची पूड पाण्यात फुगवायची, चुन्याच्या पाण्यासारखं काहीतरी घालून ती घट्ट करायची, मग गोठवायची. गोठताना बर्फाचे कण जागा करतात, वितळल्यावर तिथे भोकं उरतात, झाला स्पंज.

चेहऱ्यासाठी हा स्पंज खरोखर मऊ आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त नीट भिजलेला हवा. घाईत अर्धवट भिजवून वापरला तर त्याच्या कडा अजून लाकडी असतात आणि गालावर ओरखडे काढतात. माझी तक्रार त्याच्या म्हातारपणाबद्दल आहे. हा स्पंज म्हणजे एका अर्थाने शिजवलेला कंद, म्हणजे खाद्यपदार्थ. ओला ठेवला की खाद्यपदार्थ जे करतो तेच तो करतो. लोक त्याला शॉवरखाली साबणाच्या ताटलीत ठेवतात. तिथे तो कधीच वाळत नाही, बुडाशी गुलाबी किंवा काळे ठिपके धरतो, कडा झडायला लागतात. म्हणून वापरून झाला की दोन्ही तळव्यांमध्ये धरून सपाट दाबायचा. कपड्यासारखा पिळायचा नाही, पिळला की फाटतो. मग त्याच्या दोऱ्याने बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी टांगायचा. दोन वापरांमध्ये तो पुन्हा दगडासारखा कडक झाला पाहिजे. दुसऱ्या दिवशी हात लावल्यावर मऊ लागला, तर ती हवा त्याच्या सोयीची नाही, असं समजून त्याचा नाद सोडावा. जुलैतल्या रत्नागिरीत जिथे पापड सादळतात आणि बनियन तीन दिवस वाळत नाहीत, तिथे कोन्जॅकचं काय होणार? मे महिन्यातल्या नागपुरात मात्र तो दुपारपर्यंत खडखडीत होतो. चांगला वाळणारा स्पंजही महिना-दीड महिन्यात बदलायचा, आणि ठिपके दिसले तर त्याच दिवशी. त्याला ब्लीचमध्ये बुडवायचं नाही, तो विरघळल्यासारखा होतो. ब्लीच लागायची वेळ आली म्हणजे फेकायची वेळ आली.

या सगळ्यात कुणी विचारतच नाही असा एक साधासुधा प्राणी आहे: सुती कापड. जुना मऊ पंचा घ्यायचा आणि एका वितीचे चौकोन फाडायचे, आठ-दहा. प्रत्येक वापराला एक. वापरलेला चौकोन लगेच कपड्यांच्या बादलीत, तोही ढिगाखाली दाबून नाही, काठावर पसरून. आठवड्याचे सगळे गोळा झाले की गरम पाण्यात धुवायचे. मशिनला 60 अंशांचा पर्याय असेल तर तो लावायचा, नसेल तर पातेल्यात पाच-दहा मिनिटं उकळायचे, आणि कडक उन्हात वाळवायचे. वाळलेला चौकोन घडी घालून ठेवताना नाकाला लावून बघा. ओलसर, कुबट वास आला तर तो वाळलेला नाही, फक्त तसा दिसतोय. कापडाचा फायदा हाच की ते पूर्ण पसरतं, पूर्ण वाळतं आणि उकळता येतं. गोळ्याला यांतलं एकही जमत नाही. प्लास्टिकचा पफ उकळत्या पाण्यात टाकला तर जाळी आक्रसून त्याचं काय होतं ते प्रत्यक्ष पाहण्यासारखं आहे, पण वापरण्यासारखं नाही. कापडाचा तोटा एकच. एकाच चौकोनाने सगळ्या घराला आठवडाभर पुसायचा मोह होतो, आणि मग तो गोळ्याहूनही वाईट. नायटा एका माणसाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या कंबरेवर जातो तो पुष्कळदा अशाच सामाईक टॉवेल-रुमालातून. लहान मुलांच्या अंगावर मधोमध खळगा असलेले मोतीदाण्यांसारखे फोड येतात, तेही असेच पसरतात. घासणीच्या बाबतीत 'आपण सगळे एकच' ही भावना बाजूला ठेवावी.

एवढं सांगूनही ज्यांना आपला लूफा सोडवत नाही, त्यांच्याशी माझा तह खालीलप्रमाणे होऊ शकतो.

चेहऱ्याला लूफा नाही, आणि नाजूक जागेला तर नाहीच. काखा, जांघा, पायाची बोटं यांना साबण लावलेला हात पुरतो, आणि खरं म्हणजे रोज साबण लागतो तो एवढ्याच जागांना. दाढी केली, पायाचे केस काढले, वॅक्सिंग केलं, की दोन-तीन दिवस तिथे लूफा फिरवायचा नाही, कारण डोळ्यांना न दिसणारे काप उघडे असतात. पुळ्या, नायटा, इसब, उन्हाने भाजलेली कातडी असेल तर लूफाला पूर्ण रजा. कोपर-टाचांसाठी आठवड्यातून एक-दोनदा, हलक्या हाताने, आणि किती हलक्या तर पिकलेल्या टोमॅटोवर फिरवला तरी साल सुटू नये इतक्या. दंडावर ज्यांना कोंबडीच्या कातडीसारखे खरखरीत दाणे असतात, त्यांनी तर घासूच नये. ते घासल्याने लाल होतात, कमी होत नाहीत. अंघोळ झाली की टॉवेलने टिपायचं, आणि अंग किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावायचं, म्हणजे आत गेलेलं पाणी आत राहतं.

लूफा वापरून झाला की वाहत्या पाण्याखाली फेस पूर्ण जाईपर्यंत धुवायचा, जोराने झटकायचा, आणि बाथरूमच्या बाहेर, बाल्कनीत नाहीतर खिडकीच्या गजाला टांगायचा. आतल्या हुकावर नाही. तो हूकच सगळ्याच्या मुळाशी आहे. आठवड्यातून एकदा ब्लीचचं पाणी. बाजारातल्या द्रव ब्लीचवर सोडियम हायपोक्लोराइट असं लिहिलेलं असतं, साधारण चार ते सहा टक्के. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग. म्हणजे 900 मिलीलीटर पाण्यात 100 मिलीलीटर ब्लीच, प्लास्टिकच्या मगात, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. लूफा आधी साबण राहणार नाही असा धुवून घ्यायचा, कारण मळ असला की ब्लीच त्या मळाशीच भांडत बसतं. पाच मिनिटं पूर्ण बुडवायचा, वर तरंगला तर वाटी उपडी ठेवून दाबायचा. मग वास जाईपर्यंत धुवायचा आणि उन्हात टाकायचा. उरलेलं पाणी उद्यासाठी ठेवायचं नाही, त्याची ताकद उतरते. आणि एक गोष्ट या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी विसरू नका: त्याच मगात, त्याच मोरीत त्या वेळी संडास साफ करायचं ॲसिड ओतायचं नाही. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो बंद बाथरूममध्ये छातीत गेला की जंतूंची चिंता करायला माणूस शुद्धीवर राहील याची खात्री नाही. काही जण लूफा मायक्रोवेव्हमध्ये घालतात. कोरडी घोसाळ्याची जाळी म्हणजे सरपण आहे, एवढं सांगून थांबतो.

हे सगळं केलं तरी वय थांबत नाही. घोसाळ्याचा लूफा तीन-चार आठवड्यांनी, प्लास्टिकचा पफ फार तर दोन महिन्यांनी टाकायचा. आणलेल्या दिवसाची तारीख पफच्या दोरीला चिठ्ठी बांधून लिहा, नाहीतर 'परवाच तर आणला' या वाक्याचं वय सरासरी दीड वर्ष असतं. टाकायचा म्हणजे कचऱ्यात टाकायचा. 'अजून चांगला आहे' म्हणून तो बेसिनपाशी कपबशा घासायला बढतीवर पाठवायचा नाही. फार जीव गुंतला असेल तर स्कूटरचं चाक घासायला द्या. चाकाला केसाची मुळं नसतात.

दर महिन्याला लूफा विकत घेणं परवडत नाही, असं जे म्हणतात त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि त्यावर तोडगा कुंडीत आहे. पावसाच्या सुरुवातीला घोसाळ्याच्या दोन-चार बिया मोठ्या कुंडीत लावा आणि वेल गॅलरीच्या जाळीवर चढू द्या. जी फळं लूफासाठी हवीत ती तोडायची नाहीत. ती वेलीवरच पिवळी, मग तपकिरी होऊ द्यायची. हलकी झाली आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या, की उतरवायची. साल वाळकी होऊन बोटांनी तुटते, अडलीच तर थोडा वेळ पाण्यात ठेवायची. बिया झटकून काढायच्या, जाळी दोन-तीन पाण्यांनी धुवायची, उन्हात खडखडीत वाळवायची. आणि मग अख्खा लूफा कधीच वापरायचा नाही. सुरीने दोन बोटं जाडीच्या चकत्या कापायच्या, काकडीच्या कापतो तशा. अख्ख्या लूफाच्या पोटात ओल राहते, चकतीला पोटच नसतं, ती काही तासांत वाळते. एका फळाच्या चार-पाच चकत्या, म्हणजे माणसी महिन्याला एक धरली तरी दोन-तीन फळांत एका माणसाचं वर्ष निघालं. जुनी चकती कुंडीतच पुरायची.

बिया कागदाच्या पुडीत पुढच्या आषाढासाठी ठेवा. फक्त एक करा, वेलीवरची कोवळी घोसाळी वेळेवर भज्यांसाठी तोडत चला. एक रविवार चुकला, दुसरा चुकला, की कढई रिकामी राहते आणि अख्खी वेल अंघोळीला जाते.